वायपर नवा, तरी काच धूसर? पावसाआधी या चुका टाळा

पहिला पाऊस, अंधार पडलेला, हायवेला समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे. वायपर एक फेरा मारतो आणि काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर ताकासारखा पडदा पसरतो. दोन-तीन सेकंदांनी तो विरतो, तोवर पुढचा फेरा येतो आणि पुन्हा तेच. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नवे वायपर घालतात. संध्याकाळी पडदा जागच्या जागी असतो, कारण दोष रबराचा नव्हताच.

म्हणून पहिली चूक ही, की काचेवरचा डाग न वाचता पार्ट बदलायचा. काचेवर कसली खूण उमटते त्यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. केसासारख्या बारीक रेघा राहत असतील तर रबराच्या धारेला कचरा चिकटलाय किंवा धार तुटलीय. ओल्या फडक्याने धार एकदा पुसा. रेघ गेली तर कचरा होता, राहिली तर रबर बदला. पात्याच्या मधोमध किंवा टोकाला एखादा पट्टा न पुसलेलाच राहत असेल, तर पातं तिथे काचेला टेकत नाही. फ्रेमचा सांधा गंजला असेल किंवा दांड्याची स्प्रिंग ढिली पडली असेल. अशा वेळी नुसतं रबर बदलून पैसे वाया जातात. वायपर एका दिशेला गुपचूप जातो आणि परत येताना थडथडतो, तेव्हा रबर उन्हात एका अंगाला वाकून कडक झालंय किंवा दांडा किंचित पिळलाय. आणि सगळ्या काचेवर तो दुधी पडदा पसरत असेल, तर दोष काचेवर बसलेल्या तेलकट थराचा.

हा थर आपल्याकडे फार सहज बसतो. समजा, कराडजवळ साखर कारखान्याच्या पट्ट्यात एक गाडी हंगामभर उघड्यावर उभी राहते. उसाच्या चोथ्याची, म्हणजे बगॅसची काजळी, डिझेलचा धूर, रस्त्यावरच्या डांबराचे बारीक शिंतोडे आणि वॉशिंग सेंटरवाल्याने बॉडीला लावलेलं पॉलिश, हे सगळं मिळून काचेवर एक अदृश्य थर होतो. कोरड्या काचेतून तो दिसत नाही. पाऊस आला की पाणी त्यावर सरळ पसरत नाही, बारीक थेंबांत तुटतं, आणि समोरचा उजेड त्या थेंबांवर फुटतो.

खात्री करायची असेल तर काच धुऊन तिच्यावर मगभर पाणी ओता. पाणी एकसंध चादरीसारखं खाली उतरलं तर काच साफ आहे. ठिपक्याठिपक्यांनी गोळा झालं तर थर आहे. (काचेला पाणी झटकणारं कोटिंग मुद्दाम लावलं असेल तर ही परीक्षा लागू नाही.)

थर काढताना घाई नको. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, कोरडं फडकं लावू नका. मग अर्ध्या बादली पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून स्वच्छ मायक्रोफायबरने धुवा आणि भरपूर पाण्याने फेस काढा. गाडी सावलीत आणि काच थंड असू द्या, नाहीतर साबण काचेवरच वाळतो. चादरीची परीक्षा पुन्हा करा. तरी ठिपके आले तर काचेसाठी मिळणारं सीरियम ऑक्साइडचं पॉलिश ओल्या पॅडवर घेऊन, हाताने, एका वेळी वीतभर भाग घासा. ज्या जागी थर आहे तिथे पॉलिश सुरुवातीला सरकून बाजूला होतं. ते काचेवर एकसारखं पसरायला लागलं की समजायचं, तिथलं काम झालं. रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने काच चमकते खरी, पण तो नवा तेलकट थरच असतो.

आता वायपरचं रबर. नव्या रबराच्या धारेवर ग्रॅफाइटचा हात असतो, त्यामुळे फडक्याला काळं लागतं. ‘काळं निघतंय म्हणजे घाण आहे’ म्हणत पांढरं होईपर्यंत घासू नका; एक-दोनदा पुसलं की बास. कोरड्या काचेवर वायपर फिरवणं ही याहून मोठी चूक. धुळीतली वाळू काचेपेक्षा कठीण असते. एका फेऱ्यात पडलेला कमानीसारखा ओरखडा कोणत्याही पॉलिशने नीट जात नाही, आणि मावळतीला गाडी पश्चिमेकडे चालवताना तो नेमका डोळ्यांसमोर येतो. आधी पाण्याचा फवारा, मग वायपर.

फवाऱ्याच्या टाकीत बोअरचं जड पाणी भरलं की नोझलच्या भोकात क्षार बसतात आणि काचेवर पांढरे ठिपके उरतात. शाम्पूची पुडी ओतली तर फेसाचा थर वेगळाच. फिल्टरचं पाणी आणि काचेसाठीचं वॉशर लिक्विड डबीवर लिहिलेल्या प्रमाणात, एवढं पुरे. बसलेले पांढरे ठिपके व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावून दोन-तीन मिनिटांनी धुतले की बहुधा जातात.

आपल्या उन्हात रबर सहा महिने ते वर्षभर टिकतं, त्यामुळे बदलायचं तर मेअखेरीस. दोन्ही पाती सहसा वेगळ्या लांबीची असतात, टेपने मोजून जा. दांडा उचलल्यावर काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवायला विसरू नका. पातं काढलेला नुसता लोखंडी दांडा स्प्रिंगने काचेवर आपटला की काचेला तडा ठरलेला. खटका दाबून पातं दांड्याच्या बुडाकडे सरकवलं की हुकातून सुटतं. नवं बसवताना ‘टक्’ आवाज यायला हवा, मग हलकेच ओढून पाहा. नव्या रबरावर प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती काढून टाका. ती तशीच ठेवून ‘नवा वायपर पुसतच नाही’ म्हणत दुकानात परत येणारे दर पावसाळ्यात असतात.

पसरणीच्या घाटात किंवा कासच्या रस्त्याला धुक्यात काच मिटली की हात आपोआप फडक्याकडे जातो. आधी बोट लावून बघा, दव आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबलेलं असेल तर श्वासातली वाफ गाडीतच राहते. बाहेरून दव येत असेल तर एसीने काच फार थंड झाली आहे. वायपर मारा आणि काचेवरचा गार झोत कमी करा.

टवक्याचं गणित याहून नाजूक. पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. खडीच्या डंपरमागे धावताना दगड लागला तर बहुतेक वेळा बाहेरच्या काचेचाच टवका उडतो. त्याच क्षणी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. टवका रुपयाच्या नाण्याहून लहान, काठापासून लांब आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेबाहेर असेल, तर त्यात रेझिन भरून अतिनील दिव्याने पक्कं करता येतं. नजरेसमोरचा टवका भरला तरी तिथे प्रकाश वाकतो, म्हणून तिथे काच बदललेली बरी. घरी फेविक्विक भरू नका. ते सुकल्यावर खरं रेझिन आत शिरतच नाही. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की टवक्याचा तडा होतो आणि तो काठापर्यंत पळतो.

काच बदलायची वेळ आली की लगेच विम्याचा क्लेम करायचा, हीही घाईच. समजा काच ५,००० रुपयांची. विम्यात काचेला घसारा लागत नाही, पण १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये स्वतःचे भरावे लागतात, म्हणजे हातात ४,०००. आता तुमच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम ६,००० असेल आणि क्लेम न केल्याबद्दलची सूट, म्हणजे नो क्लेम बोनस ५० टक्के, तर क्लेममुळे पुढच्या वर्षी सूट शून्य होऊन ३,००० जास्त जातील. त्याच्या पुढच्या वर्षी सूट ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे आणखी १,८००. चार हजारांसाठी ४,८०० गेले. बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलं नसेल तर आधी हा हिशोब मांडा. काच महाग असेल तर क्लेमच परवडतो. नवी काच बसल्यावर कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का आहे का पाहा. दिवसभर दारं आपटू नका, खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि प्रेशरने धुणं टाळा, म्हणजे चिकटवलेला सील नीट धरतो.

काचेवर लावायच्या फिल्मच्या बाबतीत दुकानदार ‘सत्तर टक्के आहे, चालते’ म्हणतो, तिथे फसायला होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १००नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. हे माप सगळं मिळून. तुमची मूळ काच ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म आली, तर उरतात साडेबावन्न टक्के. पुढच्या काचेचा नियम तिथेच मोडला. त्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचेवर काळी फिल्म किंवा दुसरं काहीही चिकटवण्यालाच मनाई केली. पुढे नियमात सेफ्टी ग्लेझिंगची, म्हणजे आतून प्लॅस्टिकचा थर जोडलेल्या काचेची तरतूद आली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असा निकाल दिला. पण त्या निकालाची प्रिंट दाखवली म्हणून साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागला पावती टळेल, असं धरून चालू नका. कंपनीतूनच थोडी गडद आलेली, मर्यादेतली काच हा बिनवादाचा मार्ग.

फिल्म काढताना हेअर ड्रायरने कोपरा तापवून हळूहळू सोला. मागच्या काचेवर काच तापवून दव घालवणाऱ्या डीफॉगरच्या तारा असतील तर ब्लेड लावूच नका. तार तुटली की ती पट्टी कायमची थंड. साबणपाणी आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन तारांच्या दिशेनेच खरडा.

स्टिकर काढायची रीतही हीच. फास्टॅग लावायचा तो आतून, आरशामागे वरच्या मध्यभागी. तो हातात धरून टोलवर दाखवायची सवय आनेवाडीला किंवा तासवड्याला महागात पडते, कारण न चिकटवलेल्या टॅगला दुप्पट टोल लागू शकतो. नंबरप्लेटसोबत मिळणारा होलोग्रामचा स्टिकर आतून डाव्या वरच्या कोपऱ्यात. बाकी देवाचं नाव, गावाचं नाव, राजांची मुद्रा, सगळं बॉडीवर शोभतं. मागच्या काचेवर आडवं लावलं की आरशात मागचा मोटरसायकलवाला नेमका त्या अक्षरांआड जातो. आणि डॅशबोर्डवरचा पांढरा रुमाल काढा, दुपारी त्याचंच प्रतिबिंब काचेत पडतं.