अ‍ॅपमधील दुरुस्त्या आणि राहिलेल्या अडचणी वापरकर्त्यांना कशा कळवाव्यात

अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की सोबत ‘काही त्रुटी दुरुस्त केल्या आहेत’ एवढे एकच वाक्य येते आणि ते वाचून कोणालाही काही कळत नाही. ज्याला त्या त्रुटीचा फटका बसला असेल, त्याच्या मनात तीन प्रश्न असतात. ही अडचण माझीच होती का, आतापर्यंत जे चुकले त्याचे काय आणि आता मला काही करावे लागेल का? आवृत्तीसोबतची टीप या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी लिहायची असते. ती कशी लिहावी, हे गावातील दूध संकलन केंद्रावर चालणाऱ्या एका कल्पित अ‍ॅपच्या उदाहरणाने पाहू.

पहिली पायरी: कारण बाजूला ठेवून अनुभव शोधावा

दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामरने आपल्या नोंदीत असे लिहिलेले असते:

```
Fix duplicate insert on retry (missing idempotency key)
```

ही नोंद त्याच्या सहकाऱ्यांसाठी बरोबर आहे, पण तिचे मराठी भाषांतर करून टीप तयार होत नाही. त्याला विचारावे की, काट्यासमोर बसलेल्या माणसाला नेमके काय दिसत होते. मग कळते की, सकाळच्या गर्दीत नेट मंद असताना ‘जतन करा’ दाबले की पडदा काही क्षण तसाच राहायचा, माणूस साहजिकच पुन्हा दाबायचा आणि एकाच दुधाच्या दोन नोंदी व्हायच्या. सभासद क्रमांक २७ ने ६.४ लिटर दूध घातले असेल, तर खात्यावर १२.८ लिटर दिसायचे. लिटरला ३४ रुपये दर धरला, तर एका वेळच्या संकलनात २१७ रुपये ६० पैसे जादा लागायचे. टिपेत हीच गोष्ट यायला हवी, कारण वापरकर्ता आपली अडचण कारणावरून ओळखत नाही, पडद्यावर आणि पावतीवर जे दिसले त्यावरून ओळखतो.

इथे ‘क्वचित प्रसंगी’ हा शब्द टाळावा. नेट मंद असलेल्या गावात तो प्रसंग रोजचा असतो. किती वेळा घडते हे सांगण्यापेक्षा कोणत्या परिस्थितीत घडते हे सांगावे. तसेच ‘आपण बटण दोनदा दाबल्यामुळे’ असेही लिहू नये. उत्तर न देणारे बटण पुन्हा दाबणे ही वापरणाऱ्याची चूक नाही.

दुसरी पायरी: जुन्या नोंदींचे काय झाले, हे स्पष्ट लिहावे

माझ्या मते टिपेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक वेळा गाळला जाणारा भाग हाच आहे. ‘दुरुस्त केले’ असे वाचले की केंद्राच्या सचिवांना वाटते, आधी चुकलेल्या नोंदीही आपोआप नीट झाल्या. प्रत्यक्षात दुरुस्ती पुढच्या नोंदींना लागू होते आणि झालेल्या दुहेरी नोंदी खात्यात तशाच राहतात. समजा, दोष ३ जूनच्या आवृत्तीबरोबर आला आणि २१ जूनला दुरुस्त झाला. दुधाचा पगार दहा दिवसांनी निघत असेल, तर १ ते १० तारखेचा पगार वाटून झालेला असणार, तर ११ ते २० तारखेचा पगार निघायच्या बेतात असणार. म्हणजे दोन निरनिराळ्या सूचना लागतात: निघणाऱ्या पगाराआधी नोंदी तपासाव्यात आणि वाटून झालेल्या पगारात फरक आढळल्यास तो पुढच्या पगारात कसा वळता करायचा ते सांगावे.

या दुहेरी नोंदी आपणच का काढून टाकल्या नाहीत, हा प्रश्न सचिव विचारणारच, म्हणून त्याचे उत्तरही टिपेत असावे. एखादा उत्पादक खरोखरच दोन किटल्या आणतो आणि दोन्हींचे वजन स्वतंत्रपणे लिहिले जाते. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी चुकीच्याच असतील असे अ‍ॅपला ठरवता येत नाही. ते ज्याने दूध मोजून घेतले त्यालाच ठरवता येते.

तिसरी पायरी: दुरुस्तीची नोंद लिहावी

वरील सर्व गोष्टी कधी, काय, आता काय, आधीचे काय, या क्रमाने मांडल्या की मजकूर असा होतो:

> नेट मंद असताना ‘जतन करा’ पुन्हा दाबल्यास एकाच दुधाची नोंद दोनदा होत असे. या आवृत्तीपासून तसे होणार नाही. मात्र ३ ते २० जूनदरम्यान झालेल्या दुहेरी नोंदी खात्यात तशाच आहेत. काही उत्पादक एका वेळी दोन किटल्या घालतात, म्हणून आम्ही कोणतीही नोंद परस्पर काढलेली नाही. ११ ते २० जूनचा पगार काढण्यापूर्वी ‘संकलन यादी’ उघडून, एकाच सभासदाच्या एक मिनिटाच्या आत झालेल्या आणि लिटर व फॅट सारखे असलेल्या नोंदी तपासाव्यात. १० जूनपर्यंतच्या पगारात फरक आढळल्यास तो पुढच्या पगारात ‘वजावट’ म्हणून लावावा.

चौथी पायरी: राहिलेल्या अडचणी लपवू नयेत

समजा, याच अ‍ॅपमध्ये आणखी एक अडचण आहे आणि ती सुटलेली नाही. काही छोट्या पावती प्रिंटरांना देवनागरी अक्षरे जोडता येत नाहीत, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ हे नाव ‘ज् ञानेश् वर’ असे तुटून छापले जाते. इथे वापरकर्त्याला सर्वांत आधी हे सांगावे की, पावतीवरील लिटर, फॅट आणि रक्कम बरोबर आहे. नाव चुकले म्हणजे हिशेबही चुकला असेल ही शंका स्वाभाविक असते. त्यानंतर तात्पुरता उपाय आणि त्याची किंमत, दोन्ही सांगावे:

> सेटिंगमध्ये ‘पावती चित्ररूपात छापा’ हा पर्याय निवडल्यास नाव नीट येते, पण प्रत्येक पावतीला थोडा जास्त वेळ लागतो. गर्दीच्या वेळी हा पर्याय बंद ठेवला तरी हिशेबावर परिणाम होत नाही.

दुरुस्तीची तारीख नक्की नसेल, तर ‘लवकरच’ असे लिहू नये. ‘यावर काम सुरू आहे, तारीख ठरलेली नाही’ हे वाक्य प्रामाणिक आहे आणि त्यामुळे सचिवांना तात्पुरता उपाय वापरायचा की नाही हे ठरवता येते.

पाचवी पायरी: टीप योग्य ठिकाणी आणि योग्य क्रमाने द्यावी

ज्या मुद्द्याचा पैशांशी संबंध आहे तो सर्वांत वर असावा, दिसण्यातील बदल शेवटी. गूगल प्लेवर नव्या आवृत्तीची माहिती एका भाषेत ५०० अक्षरचिन्हांतच बसवावी लागते. मराठीत मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जात असल्याने चार अक्षरांच्या ‘ज्ञानेश्वर’ला दहा चिन्हे लागतात, म्हणून दुरुस्तीची आणि राहिलेल्या अडचणीची, अशा वरच्या दोन्ही नोंदी मिळून तिथे मावणार नाहीत. तिथे दोन वाक्यांत सार द्यावे आणि पूर्ण टीप अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच दिसेल अशी ठेवावी. बहुतेक फोनवर अ‍ॅप आपोआप अद्ययावत होते, त्यामुळे प्लेवरचा मजकूर अनेकांच्या नजरेसच पडत नाही.

प्रसिद्ध करण्यापूर्वी टीप संकलन करणाऱ्या एका माणसाला वाचायला द्यावी आणि ‘समजले का’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल’ असे विचारावे. तो थेट पगार काढायला गेला, तर तपासणीची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही आणि ते वाक्य वर आणायला हवे.

पुढे कधी प्रिंटरची अडचण सुटली की तिची नोंद ‘राहिलेल्या अडचणीं’तून काढून ‘दुरुस्त्यां’मध्ये न्यावी आणि वर्णनाचे शब्द तेच ठेवावेत, म्हणजे इतके दिवस चित्ररूपात पावत्या छापणाऱ्या सचिवांना तो पर्याय आता बंद करता येईल हे लगेच ओळखू येते.