जपानची पोस्टिंग, चार महिने आणि 'मिन्ना नो निहोंगो'

कंपनीने जपानच्या पोस्टिंगबद्दल विचारलं तेव्हा हातात चार महिने होते. क्लासच्या वेळा शिफ्टशी जुळेनात, म्हणून घरीच अभ्यास करायचं ठरवलं. भाषेचा गंध नसलेल्या इंजिनियरने पुस्तकं कोणती घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने वाचावीत, तेवढंच इथे सांगतो.

मी 'मिन्ना नो निहोंगो' या जपानीच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग घेतला. त्यात २५ धडे आहेत. घेताना एक चूक झाली, ती तुम्ही टाळा. मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत आहे. व्याकरणाचं इंग्रजी स्पष्टीकरण आणि शब्दार्थ वेगळ्या पुस्तकात असतात. मी फक्त मुख्य पुस्तक मागवलं आणि दुसरं येईपर्यंत चित्रं बघत बसलो. दोन्ही एकदमच घ्या. 'गेन्की' या दुसऱ्या पाठ्यपुस्तकात स्पष्टीकरण तिथेच मिळतं, पण त्यातले प्रसंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे आहेत. 'मिन्ना'त ऑफिस आणि कंपनीतली माणसं जास्त भेटतात, म्हणून नोकरदारासाठी मी तेच सुचवेन. रोमन लिपीतली आवृत्ती मात्र घेऊ नका. डोळ्यांना रोमनची सवय लागली की लिपी मागेच पडते.

लिपीला मी तीन आठवडे दिले. हिरागाना या पहिल्या लिपीची ४६ अक्षरं मराठी माणसाला लवकर बसतात, कारण तक्ता आपल्या वर्णमालेच्या वळणाचाच आहे. स्वर आ, इ, उ, ए, ओ याच क्रमाने येतात, आणि व्यंजनांच्या ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा. हा क्रम भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या वर्णमालेच्या अभ्यासातून आला आहे.

काताकाना, म्हणजे परभाषेतून आलेले शब्द लिहायची दुसरी लिपी, पुढे ढकलायचा मोह होतो, पण इंजिनियरला कामाचे शब्द तिथेच सापडतात. बारुबु म्हणजे व्हॉल्व, बोरुतो म्हणजे बोल्ट, पोंपु म्हणजे पंप. यात फसवणारी जोडी シ (शि) आणि ツ (त्सु) ही. नुसतं बघून फरक कळत नाही, लिहिल्यावर कळतो. 'शि'च्या दोन छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक येतात आणि मोठी रेघ खालून वर जाते. 'त्सु'च्या छोट्या रेघा वर शेजारी शेजारी येतात आणि मोठी रेघ वरून खाली उतरते. चौकटीच्या वहीत दोन्ही आलटून पालटून एक पान काढलं, तेव्हा कुठे गोंधळ थांबला.

व्याकरणात मराठीचा आधार मोठा आहे. क्रियापद शेवटी येतं, आणि 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. इंग्रजी स्पष्टीकरण वाचून झालं की प्रत्येक वाक्य मनात थेट मराठीत आणा, मधे इंग्रजी नको. पण एका ठिकाणी मराठीच फसवते. 'कारखान्यात जातो' आणि 'कारखान्यात काम करतो', दोन्हीकडे आपण 'त' लावतो. जपानीत जाण्याच्या ठिकाणाला 'नि' लागतो आणि काम जिथे घडतं त्या ठिकाणाला 'दे'. माझ्या वहीत लाल शाईच्या सर्वांत जास्त खुणा याच चुकीच्या आहेत.

१४ व्या धड्यात क्रियापदाचं 'ते' रूप येतं. तिथे घाई करू नका. मी त्या एका धड्याला दहा दिवस दिले. हे रूप बऱ्याच ठिकाणी आपल्या 'ऊन'सारखं चालतं. 'सुइच्ची ओ कित्ते, बारुबु ओ शिमेमास' म्हणजे स्विच बंद करून व्हॉल्व बंद करतो. पुढे 'कुदासाई' लावलं की तीच विनंती होते: 'कित्ते कुदासाई', बंद करा. यात कानाची कसोटी आहे. 'किते' म्हणजे येऊन, 'कित्ते' म्हणजे बंद करून किंवा कापून, आणि 'कीते' म्हणजे ऐकून. 'पता' आणि 'पत्ता' यांतला फरक आपल्या कानाला सवयीचा आहे, त्यामुळे 'त्ते' लगेच ओळखू येतो. 'की'चा दीर्घ स्वर मात्र सुटतो, कारण मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही. त्यासाठी मी धड्याचा ऑडिओ लावून त्याच्यामागोमाग मोठ्याने म्हणायचो.

मशिनच्या पॅनेलवर कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थवाही अक्षरं असतात, आणि पहिल्या भागात ती सगळी येत नाहीत. त्यांची यादी मी प्लांटमधल्या जपानी मशिनांवरून स्वतःच केली: 入 म्हणजे चालू, 切 म्हणजे बंद, 停止 म्हणजे थांबा, 危険 म्हणजे धोका, 点検中 म्हणजे तपासणी चालू आहे. हे 切 म्हणजे 'कित्ते'मधलंच अक्षर. १४ वा धडा संपवून मशिनपाशी उभा राहिलो, तेव्हा रोज हात लागणाऱ्या त्या खटक्यावरचं अक्षर पहिल्यांदा वाचता आलं.