वजन जास्त आणि बाळंतपण जवळ: या चुका टाळा, एका भूलतज्ज्ञाची विनंती

जिल्ह्याच्या गावात अठरा वर्षं भूल देतोय. वजन जास्त असलेल्या गरोदर बाईच्या बाबतीत तेच घोटाळे पुन्हा पुन्हा बघतो, आणि त्यातले निम्मे रात्री दोन वाजता माझ्या पदरात पडतात. बहुतेक सगळे टाळता येण्यासारखे असतात.

भूलतज्ज्ञाला शेवटी बोलावणं

सर्वांत मोठी चूक हीच. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९६ किलो, म्हणजे बीएमआय ४१च्या पुढे. पहिलं बाळंतपण. बाई सकाळी अकराला कळा येतात म्हणून दाखल झाली. मला फोन आला तो रात्री दोनला : "सर, अर्जंट सिझर आहे, बाळाचे ठोके पडताहेत, लगेच या."

पोचलो तेव्हा ती घाबरलेली होती आणि कळांमुळे एका जागी बसवत नव्हतं. पाठीवर हात फिरवला तर मणक्याचं एकही हाड बोटाला लागेना. कमरेच्या वर चरबीचा थर असला की पाठीचा मध्य कुठे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या स्पायनल भुलीची नेहमीची ९ सेंटिमीटरची सुई पूर्ण आत गेली, तरी मणक्यातलं पाणी आलं नाही. दुसऱ्यांदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचलं. लांब सुई त्या रुग्णालयात नव्हतीच. तिकडे ठोके वर यायला तयार नव्हते, म्हणून पूर्ण भूल द्यायचं ठरवलं.

पूर्ण भुलीला आम्ही का कचरतो, ते घरच्यांनीही समजून घ्यावं. भूल दिली की श्वास थांबतो आणि श्वासनळीत नळी घालेपर्यंत फुप्फुसात साठलेल्या ऑक्सिजनवरच बाई तग धरते. नवव्या महिन्यात गर्भाशय छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं, त्यामुळे तो साठा आधीच कमी असतो आणि शरीर ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त वापरतं. त्यात वजन जास्त असलं की आडवं झोपवल्यावर साठा आणखी घटतो. मग जो वेळ एरवी सहज मिळतो, तो दीड-दोन मिनिटांवर येतो. मान आखूड, छातीचा भार मोठा, घशाला सूज. अशा वेळी श्वासनळीचं तोंड दिसणंच अवघड होतं.

त्या रात्री डोक्याखाली एकच उशी होती, आणि घाईत तशीच राहू दिली ही माझी चूक. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपची मूठ छातीला अडत होती. पहिल्या प्रयत्नात काही दिसलं नाही आणि रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्क्यांवर आला. मास्क दोन्ही हातांनी दाबून धरला, सिस्टरना पिशवी दाबायला सांगितलं, वॉर्डबॉयने घड्या घातलेली ब्लँकेटं खांद्यांखाली आणि डोक्याखाली सरकवली. कानाचं भोक आणि छातीच्या वरची खळगी एका आडव्या रेषेत आली, आणि दुसऱ्या प्रयत्नात नळी गेली. बाळ रडलं, आई वाचली. मी मात्र सकाळपर्यंत झोपू शकलो नाही, कारण त्या सगळ्याला आधी पंधरा तास हातात होते.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. बीएमआय ४०च्या वर असेल तर तिला सातव्या-आठव्या महिन्यातच माझ्याकडे पाठवा. मी पाठ बघतो, तोंड उघडायला लावतो, मान वळवायला सांगतो, रात्री घोरते का, झोपेत श्वास अडतो का, हे घरच्यांना विचारतो. लांब सुया तिच्या नावाने बाजूला काढून ठेवतो. आणि कळा सुरू झाल्या की एपिड्युरल, म्हणजे पाठीतून औषध देत राहण्याची बारीक नळी, लवकर घालावं, असं माझं ठाम मत आहे. ते फक्त वेदनेसाठी नसतं. नळी चालू आहे याची खात्री दिवसा शांतपणे करता येते, आणि रात्री सिझर लागलं तर त्याच नळीतून औषध वाढवून काम भागतं. "बघू, लागलं तर घालू" म्हणणारे तिचा वेळ वाया घालवतात.

भूल द्यायला शिकणाऱ्या नवीन मुलांना दोन गोष्टी सांगतो. सुई टोचायची घाई करू नका, पाठ हाताला लागत नसेल तर तिलाच विचारा, "ताई, मी मध्यावर दाबतोय का, की डावीकडे?" बाईला स्वतःचा मध्य बरोबर कळतो. सोनोग्राफी जवळ असेल तर सुई किती खोल जाईल तेही आधी मोजता येतं. दुसरं, एपिड्युरलची नळी वाकून बसलेल्या अवस्थेत लगेच चिकटवू नका. तिला आधी कुशीवर सरळ होऊ द्या, चरबीचा थर हलतो आणि नळी थोडी आत खेचली जाते, मगच पट्टी लावा. बसल्याबसल्या पट्टी लावली तर पाठ सरळ होताना नळी बाहेर येते, आणि मग "एपिड्युरल चालेना" अशी तक्रार येते. नीट चालत नसेल तर आशेवर बसू नका, लगेच काढून नवीन घाला.

छोट्या पण महाग पडणाऱ्या चुका

रक्तदाबाचा पट्टा दंडाला लहान पडला तर दाब खोटा जास्त दिसतो. मोठा पट्टा मागा.

वजन विचारून लिहू नका, काट्यावर उभं करून लिहा. रक्त पातळ ठेवायच्या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो.

सिझरनंतर ती दिवसभर पलंगावर पडून राहते आणि घरच्यांना वाटतं, आराम होतोय. पायात गुठळी होण्याचा धोका तिला जास्त असतो. त्याच दिवशी उठवा. टाक्यांची जागा पोटाच्या घडीखाली ओली राहू देऊ नका.

आधी बाळ होऊ दे, मग वजन बघू

दुसरी मोठी चूक इथे आहे. आमच्याकडे जोडपी डॉक्टरकडे येतात ती पाळी चुकल्यावर. तेव्हा वजन उतरवायची वेळ गेलेली असते. गरोदरपणात उपाशी राहून वजन कमी करणं मला मुळीच मान्य नाही.

माझ्या ओळखीतली एक मुलगी, २९ वर्षांची, १५५ सेंटिमीटर, ८४ किलो, पाळी दोन-दोन महिने यायची नाही, पीसीओडी. दोन डॉक्टरांनी "वजन कमी करा" एवढंच सांगितलं होतं. हे म्हणजे काहीच न सांगणं. मी तिला फक्त एक आकडा दिला : पाच टक्के, म्हणजे साधारण चार किलो. चहातली साखर बंद, उपवासाची साबुदाण्याची खिचडी बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि रोज पाऊण तास चालणं. पाच महिन्यांत ७९ किलो झालं. बीएमआय अजून तिशीच्या वरच होता, पण पाळी दर महिन्याला यायला लागली. आठवड्यात पाच किलोचे व्हिडिओ बघून सुरुवात करणाऱ्या मुली माझ्यासमोर तीन महिन्यांत परत त्याच वजनावर येतात.

या काळात साखर, रक्तदाब आणि थायरॉइड तपासा. फॉलिक ॲसिड पाळी चुकल्यावर सुरू करणं उशिराचं ठरतं, कारण बाळाच्या मणक्याची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांतच बंद होते. बीएमआय ३०च्या वर असेल तर ५ मिलिग्रॅम रोज, गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत, असा सल्ला ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१८ साली दिला होता. डॉक्टरांना विचारून घ्या.

वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर लपवू नका. त्यातलं सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं, आणि तोपर्यंत गर्भनिरोधक हवं. वजनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबा.

आणि दिवस राहिल्यावर सासूबाई म्हणतील, "दोन जिवांचं खा." त्यांचं प्रेम खरं आहे, पण या वजनात पूर्ण नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढ पुरते. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतरही मोजूनच घ्या.