हार्डन केलेली डाय न जाळता फिनिश करायची, तर ग्राइंडिंग व्हील कसे निवडावे

हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर बहुधा एकच राखाडी व्हील चढवलेले दिसते. माइल्ड स्टीलच्या प्लेटवर ते चालते, म्हणून हार्डनिंगहून आलेल्या डायवरही तेच फिरते, आणि मग जॉब निळा पडतो. अशा वेळी ऑपरेटरला किंवा कूलंटला दोष देण्याआधी व्हीलवरचा शिक्का वाचावा.

एक नेहमीचे काम घेऊ. डी-२ पोलादाची ब्लँकिंग डाय प्लेट, १५० बाय १०० मिमी, हार्डनेस ६० एचआरसी, वरून ०.१५ मिमी काढून फिनिश करायची. मशीनवर २०० मिमी व्यासाचे व्हील आहे आणि त्यावर लिहिले आहे ए ६० एम ५ व्ही. याच क्रमाने बघत जायचे: दाणा कशाचा, किती बारीक, ग्रेड किती, रचना किती मोकळी, बाँड कोणता.

१. दाणा

‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. पोलादासाठी हाच दाणा, पण त्यातही राखाडी आणि पांढरा असा फरक आहे. राखाडी दाणा चिवट असतो. बोथट झाला तरी लवकर तुटत नाही आणि नुसता घासत राहतो. पांढरा, म्हणजे डब्ल्यूए, जास्त शुद्ध आणि ठिसूळ. थोडा ताण वाढला की तो फुटतो आणि नवी धार पुढे येते. कडक पोलादाला हेच हवे, म्हणून इथे पांढरा घ्यायचा.

हिरवे सिलिकॉन कार्बाइड जास्त कठीण आहे म्हणून ते लावायचा मोह होतो. ते कार्बाइडच्या टूलसाठी ठेवा. पोलादावर घर्षणाच्या उष्णतेत त्याची लोहाशी रासायनिक क्रिया होते आणि दाण्याची धार पटकन जाते.

२. ग्रिट

आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक. फिनिश हवे म्हणून थेट १२०चे व्हील लावणे ही जाळण्याची सर्वात सोपी वाट आहे. बारीक दाण्यांमध्ये चिपला जागा कमी मिळते, घासणारे दाणे जास्त असतात आणि कूलंट आत पोचत नाही. सपाट डायला ४६ पुरते. कोपरे टोकदार ठेवायचे असतील तर ६०. बाकीचे फिनिश ड्रेसिंगमधून आणि शेवटच्या पासमधून मिळवायचे असते.

३. ग्रेड: जळणे बहुतेक इथेच ठरते

ए ते झेड ही अक्षरे व्हील किती घट्ट आहे ते सांगतात. दाणा कितीही कठीण असो, बाँडने त्याला किती जोरात धरून ठेवले आहे, तो हा ग्रेड. नियम ऐकायला उलटा वाटतो: जॉब कडक, तर व्हील मऊ. कडक पोलाद दाण्याला लवकर बोथट करते. व्हील मऊ असेल तर बोथट दाणा सुटून पडतो. घट्ट असेल तर तो तिथेच राहतो, कापत नाही, घासतो, आणि ती सगळी उष्णता डायच्या पृष्ठभागात जाते.

आपले ‘एम’ व्हील इथे घट्ट ठरते. ६० एचआरसीच्या सपाट प्लेटसाठी एच ते जे या पट्ट्यात राहावे. मी ‘जे’पासून सुरुवात करीन. व्हीलचा जॉबशी स्पर्श जितका रुंद, तितका ग्रेड मऊ हवा. म्हणून कप व्हीलने घासताना आणखी खाली उतरावे लागते, तर बाहेरून गोल घासायच्या शाफ्टला के किंवा एलही चालून जातो.

ग्रेड चुकला की व्हील स्वतःच सांगते. तोंड काचेसारखे चमकू लागले, आवाज किंचाळल्यासारखा झाला, तर ते घट्ट पडते आहे. दाणे भराभर झडून साइज टिकत नसेल, कडा गोल होत असतील, जॉबवर सुट्या दाण्यांचे ओरखडे उमटत असतील, तर फार मऊ.

नवे व्हील हाताशी नसेल तर एक उपाय आहे: टेबलाचा वेग वाढवा आणि खोली कमी करा. वेगाने सरकणाऱ्या जॉबवर तेच व्हील थोडे मऊ वागते आणि उष्णता एका जागी थांबत नाही. ‘एम’चा ‘एच’ मात्र यातून होणार नाही.

४. रचना आणि बाँड

ग्रेडनंतरचा आकडा दाण्यांमधली मोकळी जागा सांगतो. ५ ऐवजी ८ घेतला की चिपला आणि कूलंटला वाट मिळते. बाँड ‘व्ही’, म्हणजे व्हिट्रिफाइड, हाच राहू द्या. तो सच्छिद्र असतो आणि नीट ड्रेस होतो. म्हणजे मागणी अशी: डब्ल्यूए ४६ जे ८ व्ही. सोबत व्यास, जाडी, बोअर आणि मशीनचा आरपीएम सांगायला विसरू नका. २०० मिमीचे व्हील २८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २९ मीटर धावते. व्हीलवर लिहिलेली मर्यादा त्याहून जास्त हवी. चढवण्याआधी लाकडी दांड्याने हलके वाजवून पाहा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर ते व्हील लावू नका. पहिल्यांदा सुरू करताना गार्ड बंद असावा आणि बाजूला उभे राहून ते मिनिटभर रिकामे फिरू द्यावे.

५. ड्रेसिंग, पास आणि कूलंट

बरोबर व्हीलसुद्धा वाईट ड्रेसिंगने जाळते. सिंगल पॉइंट डायमंड व्हील फिरते त्या दिशेकडे १० ते १५ अंश कलता ठेवा आणि एका वेळी ०.०२ मिमी काढा. डायमंड हळू नेला तर व्हीलचे तोंड गुळगुळीत होते. फिनिश चकचकीत येते, पण दाणे बंद होऊन जळायला लागते. म्हणून रफिंगला डायमंड जलद न्या, आणि शेवटचे ०.०२ मिमी उरले की पुन्हा ड्रेस करून किंचित सावकाश. घाई झाली की नेमके हे दुसरे ड्रेसिंग टाळले जाते.

आपल्या प्लेटवर रफिंगचा पास ०.०१ मिमी, फिनिशचा ०.००५ मिमी किंवा कमी, टेबल मिनिटाला १५ ते २० मीटर. शेवटी खोली न देता दोन-तीन पास, ठिणग्या जवळजवळ थांबेपर्यंत.

कूलंटची धार व्हील आणि जॉब जिथे भेटतात तिथेच पडली पाहिजे, आणि सतत. मधूनमधून थेंब टाकणे कोरड्यापेक्षा वाईट, कारण तापलेला पृष्ठभाग एकदम थंड होऊन तडकतो. नागपुरात मे महिन्यात टाकीतले पाणी उडून तेलाचे प्रमाण चढते. रिफ्रॅक्टोमीटरने बघून पाणी घाला. काम संपल्यावर आधी कूलंट बंद करा आणि व्हील थोडा वेळ फिरू द्या, नाहीतर खालच्या भागात पाणी मुरून बॅलन्स बिघडतो.

६. जळले की नाही ते ओळखणे

पिवळट किंवा निळा रंग दिसला तर जळले हे नक्की. रंग नसला तरी खात्री नाही: शेवटचे हलके पास रंग पुसून टाकतात, पण खालचा मऊ पडलेला थर तसाच राहतो. महत्त्वाच्या डायसाठी नायटल, म्हणजे अल्कोहोलमधले सौम्य नायट्रिक ॲसिड, लावून बघतात. जिथे पोलाद मऊ पडले तिथे गडद डाग येतो. गडद कडेच्या आत पांढरा ठिपका दिसला तर तिथे ते पुन्हा हार्डन झाले आहे, आणि अशा ठिकाणी बारीक तडे जाण्याचा धोका जास्त. हे काम हातमोजे, चष्मा आणि हवेशीर जागेतच करा, आणि नंतर जॉब धुऊन तेल लावा.

‘जे’ ग्रेडवर, ताज्या ड्रेसिंगनंतरही डाग येत असेल तर ‘आय’वर उतरा. तरीही व्हील लगेच बोथट होत असेल आणि पोलादात व्हॅनेडियम भरपूर असेल, तर त्याचे कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असते. ग्रेड बदलून तिथे भागत नाही. तिथे सीबीएन, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडचे, व्हील लागते. ते बरेच महाग पडते, पण उष्णता स्वतःतून वाहून नेते आणि धार टिकवते. रोज दोन-चार डाय करणाऱ्या शॉपला त्याचा हिशेब बसतो, महिन्यातून एखाददुसरी करणाऱ्याला सहसा नाही.