लाइक मिळत होते, नोंदणी होत नव्हती: मॅरेथॉनच्या कॅप्शनचा माझा अनुभव

आमच्या सामुदायिक मॅरेथॉनच्या कॅप्शनना लाइक भरपूर मिळत, पण ५ किलोमीटरची नोंदणी हलत नव्हती. छायाचित्रे, हॅशटॅग, वेळ बदलूनही उपयोग झाला नाही आणि मी अगदी हताश झालो होतो.

दोष सुरात होता: ‘स्वतःच्या मर्यादा ओलांडा’ हे वाक्य २१ किलोमीटर धावणाऱ्याला भिडते, नवख्याला मात्र बिचकवते. म्हणून आधी आयोजकांकडून वेळमर्यादा पक्की करून घेतली, मग ५ किलोमीटरसाठी स्वतंत्र कॅप्शन लिहून पहिलीच ओळ अशी ठेवली: ‘चालत पूर्ण केलेत तरी चालेल, हाताशी दीड तास आहे.’ पुढचा मजकूर टिचकी मारल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे हा धीर तिथेच द्यावा लागतो. शेवटी नोंदणी कोणत्या कॅप्शनवरून आली हे कळावे म्हणून प्रत्येक सुराच्या कॅप्शनमधील दुव्याला `utm_content` ही वेगळी खूण जोडली. धीराच्या कॅप्शनला लाइक कमी मिळाले, पण ५ किलोमीटरच्या बहुतेक नोंदण्या तिच्याच दुव्यावरून आल्या.