या चुका टाळा: डेपोंच्या अंदाजांची बेरीज कंपनीच्या आकड्याशी जुळवताना

मी एका पिठं-मसाल्यांच्या कंपनीत डिमांड प्लॅनिंग करते. कंपनीचा एक आकडा, त्याखाली सहा डेपो, प्रत्येक डेपोखाली दीडशेच्या आसपास पॅक, अशी आमची उतरंड आहे. प्रत्येक पातळीवर वेगळा अंदाज काढला की बेरजा जुळत नाहीत. यात चूक काहीच नाही, कारण प्रत्येक मॉडेल वेगळा डेटा बघतं. चूक होते ती जुळवताना. दरवर्षी नवीन मुलं टीममध्ये येतात आणि त्याच त्या चुका करतात. एक चूक मी स्वतःही केली आहे, तिच्यापासूनच सुरुवात करते.

गेल्या वर्षीच्या टक्क्यांनी वरचा आकडा खाली वाटणं

ही पद्धत सगळ्यांना आवडते, कारण पाच मिनिटांत होते. वरचा एकच अंदाज नीट काढायचा, मागच्या एक-दोन वर्षांत त्या महिन्यात कोणत्या मालाचा किती टक्के वाटा होता ते बघायचं आणि त्या टक्क्यांनी आकडा खाली वाटून द्यायचा. बेरीज आपोआप जुळते, म्हणून काम बरोबर झालं असं वाटतं.

2025 च्या सप्टेंबरचा अंदाज मी असाच केला. कंपनीचं वरचं मॉडेल मी मेहनतीने बांधलं होतं. दिवाळीच्या फराळाची पिठं लक्ष्मीपूजनाच्या पस्तीस ते पंधरा दिवस आधी आमच्या डेपोंतून दुकानांकडे जातात. त्या खिडकीतले किती दिवस कोणत्या महिन्यात पडतात याचा एक कॉलम मॉडेलमध्ये होता. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, म्हणजे सप्टेंबरात त्या खिडकीतला एकही दिवस नव्हता. 2024 ला ते 1 नोव्हेंबरला आलं, सप्टेंबरात चार दिवस पडले. 2025 ला 21 ऑक्टोबर, म्हणजे सप्टेंबरात थेट पंधरा दिवस. मॉडेलचा इतिहास 2019 पासूनचा होता. 2022 ला लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं आणि तेव्हा सप्टेंबर कसा चढतो हे त्याने पाहिलं होतं. त्याने 400 टन सांगितले, प्रत्यक्षात मागणी 409 टन निघाली. यापेक्षा चांगला अंदाज मागू नये.

पण खालचे टक्के मी 2023 आणि 2024 च्या सप्टेंबरांवरून घेतले होते. त्या दोन्ही महिन्यांत चकली भाजणी आणि अनारसे पीठ मिळून वाटा होता 2 टक्के. म्हणून 400 टनांतले 8 टन त्यांच्या वाट्याला आले. दिवाळी लवकर आहे म्हणून वरच्या मॉडेलने जी वाढ बरोबर ओळखली होती, तीच वाढ मी गव्हाच्या आट्यावर आणि बेसनावर पसरवून टाकली. महिना संपायच्या आत कोल्हापूर डेपोच्या मॅनेजरांचा फोन आला, "मॅडम, भाजणी संपली. दसरा अजून व्हायचाय आणि दुकानदार रोज विचारतायत." या दोन्ही पिठांच्या मिळून ऑर्डरी होत्या 31 टनांच्या. दुसरीकडे नागपूर डेपोत आटा पडून राहिला. आट्याची मुदत आमच्याकडे तीन महिन्यांची, त्यामुळे त्यातला काही माल शेवटी सवलतीत काढावा लागला.

सर्वांत वाईट भाग असा की महिन्याच्या आढाव्यात आमची चूक दोन-सव्वादोन टक्के दिसत होती, कारण आढावा फक्त कंपनीच्या आकड्यावर होता. म्हणून आता कोणी मला एकच अचूकतेचा आकडा दाखवला की मी विचारते, कोणत्या पातळीवरचा?

हा दोष माझ्या टक्क्यांपुरता नाही. वरचा अंदाज कुठल्याही बाजूला झुकलेला नसला तरी ठरावीक टक्क्यांनी वाटल्यावर खालचे अंदाज झुकतात, हे गणितानेच दाखवता येतं. खालच्या मालाचा स्वतःचा हंगाम वरच्या आकड्यात विरघळून गेलेला असतो, तो टक्क्यांतून परत मिळत नाही.

माझी सवय आता अशी आहे. ज्या मालाला सण किंवा हंगाम आहे, त्याचा अंदाज मी त्याच्याच पातळीवर काढते आणि तो खिडकीचा कॉलम तिथेही देते. मीठ, साधा आटा असा वर्षभर सारखा चालणारा माल टक्क्यांनी वाटला तरी फार बिघडत नाही. टक्केच वापरायचे असतील तर इतिहासाचे न घेता खालच्या अंदाजांचे आपसातले टक्के घ्यावेत. आणि काहीही जुळवण्याआधी मी वरचा आकडा आणि खालची बेरीज शेजारी-शेजारी ठेवून त्यांतला फरक वाचते. 2025 ला मी हे केलं असतं आणि खालची मॉडेलं त्या कॉलमसह चालवली असती, तर भाजणीच्या ओळीतच उत्तर दिसलं असतं.

फरक "इतर"मध्ये टाकणं

करू नका. पुढच्या महिन्यात तो "इतर" कोणत्यातरी डेपोच्या नावावर चढतो आणि मग त्याचा माल खरंच बनतो.

सगळ्यांना सारखं वजन देणं

टक्के सोडून लोक पुढे जातात आणि सगळ्या पातळ्यांचे अंदाज एकत्र जुळवणाऱ्या पद्धती वापरू लागतात. हे चांगलंच आहे. पण पायथनच्या `hierarchicalforecast` लायब्ररीत पहिला पर्याय दिसतो `ols`, तोच निवडून मोकळे होतात. तो काय करतो हे कागदावर एकदा करून बघा. दोनच डेपो धरू, पुणे आणि कुडाळ. भाजणीच्या पेट्यांचे अंदाज असे आले: एकूण 1000, पुणे 850, कुडाळ 30. खालची बेरीज 880, फरक 120.

`ols` हा फरक तिन्ही आकड्यांत सारखा वाटतो, प्रत्येकी 40. एकूण 960 होतं, पुणे 890, कुडाळ 70. बेरीज जुळली. पण कुडाळला महिन्याला तीसच्या आसपास पेट्या जातात, तिथे आपण सत्तर पाठवायला निघालो. पुण्याला 40 पेट्या इकडे-तिकडे झाल्या तर कोणाला कळतही नाही, कुडाळचं मात्र गोदाम भरतं.

मग कोणीतरी सांगतं, `wls_struct` वापर. त्यात वजन खाली किती ओळी आहेत त्यावर ठरतं. इथे एकूणला 2, दोन्ही डेपोंना 1-1. एकूण 60 ने खाली येतं, डेपो 30-30 ने वर जातात. कुडाळ तरीही दुप्पट, म्हणजे 60. एकाच पातळीवरचे डेपो इतके लहान-मोठे असतील तर ही पद्धत त्यांच्यात काहीच फरक करत नाही.

विचारायचं ते हे, की कोणता अंदाज किती चुकतो? मागच्या चुकांवरून समजा एकूणच्या चुकीचं प्रमाण विचलन 60 पेट्या आहे, पुण्याचं 50 आणि कुडाळचं 6. यांचे वर्ग 3600, 2500 आणि 36, बेरीज 6136. फरक या प्रमाणात वाटला तर एकूण सुमारे 70 ने खाली येऊन 930 होतं, पुणे 49 ने वाढून 899, आणि कुडाळ 30 वरून जेमतेम 31. जो अंदाज जास्त डळमळीत आहे त्याने जास्त हलायचं. हाच `wls_var`.

याच्या पुढची पायरी म्हणजे चुकांमधला आपसातला संबंधही धरणं. पाऊस लांबला की पुणे आणि कोल्हापूर दोन्हीकडे अंदाज एकाच दिशेने चुकतात, ती माहिती वापरायला हवी. पण इथे उतावळेपणा नडतो. आमच्याकडे नऊशे ओळी आणि सत्तर-ऐंशी महिन्यांचा इतिहास. तेवढ्यावरून नऊशे बाय नऊशेचं सहप्रचरणांचं, म्हणजे कोणत्या दोन ओळी किती एकत्र चुकतात त्याचं, कोष्टक सरळ काढलं तर त्याचा व्यस्तच निघत नाही, किंवा निघाला तरी उत्तरं वेडीवाकडी येतात. ही अडचण फक्त लहान कंपन्यांची नाही. वॉलमार्टच्या विक्रीवर झालेल्या एम-5 स्पर्धेत सर्वांत खालच्या ओळी 30,490 होत्या आणि दिवस 1,941. म्हणून त्या कोष्टकातले आपसातले संबंध शून्याकडे आकसून घेणारा पर्याय वापरायचा:

```python
from hierarchicalforecast.methods import MinTrace
MinTrace(method='mint_shrink', nonnegative=True)
```

यासाठी मॉडेलचे मागच्या काळातले अंदाजही लागतात, म्हणून मूळ अंदाज काढतानाच `fitted=True` द्यायला विसरू नका. मी `wls_var` आणि `mint_shrink` दोन्ही चालवते आणि ज्या ओळी दोन्हींत फार वेगळ्या निघतात त्या हाताने बघते. बहुतेक वेळा तिथे डेटाच बिघडलेला असतो.

उणे आकडा शून्य करून पुढे जाणं

तेच दोन डेपो घ्या, पण आता एकूण अंदाज 760 आहे. फरक उणे 120. `ols` ने एकूण 800, पुणे 810, कुडाळ उणे 10. बेरीज जुळते, पण उणे पेट्या पाठवता येत नाहीत. एक्सेलमध्ये त्या जागी शून्य लिहिलं की खालची बेरीज 810 आणि वरचा आकडा 800, म्हणजे ज्यासाठी एवढं केलं तेच गेलं. वरच्या कोडमधला `nonnegative=True` त्यासाठीच आहे. तो नसेल तर सर्वांत खालच्या ओळींतले उणे आकडे शून्यावर आणून वरचे सगळे आकडे नव्याने बेरजेने काढा. शिवाय उणे आकडा वारंवार येत असेल तर बहुधा वजनं चुकली आहेत, ती आधी तपासा.

टार्गेटला अंदाज समजणं

वरच्या ओळीत सेल्सचं टार्गेट ठेवून खालचं जुळवू नका. या सगळ्या पद्धती मूळ अंदाज प्रामाणिक आहेत असं धरून चालतात. टार्गेट मुद्दाम फुगवलेलं असतं आणि तो फुगवटा सगळ्या डेपोंत शिरतो.

लॉग घेतलेले अंदाज जुळवणं

आधी पेट्यांत परत आणा. लॉगची बेरीज म्हणजे पेट्यांची बेरीज नव्हे.

वरच्या मर्यादांची बेरीज

सहा डेपोंच्या 90 टक्के वरच्या मर्यादा मिळवून कंपनीची मर्यादा काढली तर ती जवळपास नेहमीच फुगते. सगळे डेपो एकाच महिन्यात, एकाच बाजूला तितके चुकत नाहीत.

इतिहासच जुळत नसताना अंदाज जुळवणं

हे सर्वांत आधी सांगायला हवं होतं, पण लोक याला चूकच मानत नाहीत. भागांच्या सीमा बदलतात. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा जिल्हावार इतिहास ठेवणाऱ्यांना ठाणे अचानक खाली आलेलं दिसलं असेल. कंपनीत असं दर दोन वर्षांनी होतं. आमच्याकडे कराडचे दुकानदार पुणे डेपोतून कोल्हापूर डेपोत हलवले. मॉडेलला कोल्हापूरची विक्री वाढताना दिसली आणि त्याने ती वाढ पुढेही चालू ठेवली. पुण्यात त्याने तेवढीच घट पुढे नेली. बेरीज अगदी जुळत होती, म्हणून तीन महिने कोणाला कळलं नाही.

जुना सगळा इतिहास आजच्या मांडणीत परत लिहून घ्यायचा, म्हणजे कराडची 2019 पासूनची विक्री कोल्हापूरच्या नावावर टाकायची. मग मॉडेल चालवण्याआधी ही तपासणी दोनदा करायची, एकदा डेपोंच्या बेरजेवर आणि एकदा पॅकांच्या बेरजेवर. `total` म्हणजे कंपनीची महिनावार एकूण विक्री:

```python
gap = df.groupby('month')['boxes'].sum() - total
print(gap[gap != 0])
```

एकाही महिन्याची ओळ छापली गेली तर मी त्या दिवशी अंदाज काढत नाही. ओळ कोणत्या महिन्याची आहे ते बघते आणि बिलिंग सांभाळणाऱ्यांना फोन लावून विचारते, त्या महिन्यात कोणती विक्री सुटली किंवा दोनदा धरली गेली. डेपोंमधली अदलाबदल मात्र या तपासणीत सापडत नाही, कारण बेरीज बदलत नाही. त्यासाठी मी दर महिन्याला दुकानदार आणि डेपो यांची जोडी मागच्या महिन्याच्या यादीशी ताडून बघते.