बहुचल इंटिग्रल यादृच्छिक नमुन्यांनी कसा काढावा, आणि कुठे थांबावं

आधी एक सल्ला: चल दोन किंवा तीन असतील आणि फलन गुळगुळीत असेल, तर ही पद्धत वापरू नका. साधी जाळी टाका, ती कमी बिंदूंत जास्त अचूक उत्तर देईल. यादृच्छिक नमुन्यांची खरी गरज चल वाढल्यावर पडते. सहा चलांत प्रत्येक बाजूचे दहाच भाग केले तरी जाळीचे दहा लाख बिंदू होतात, आणि दहा भागांची जाळी तशी भरडच.

सरावासाठी असा इंटिग्रल घ्या, ज्याचं उत्तर हातानं काढता येतं. मी नेहमी हा घेतो: x1 ते x6 हे सहा चल, प्रत्येक ० ते १, आणि फलन `(x1+x2+...+x6)^2`. बेरजेची सरासरी ३ आणि व्हेरिअन्स ६/१२ म्हणजे ०.५, म्हणून इंटिग्रलचं उत्तर ९ + ०.५ = ९.५. उत्तर माहीत नसलेल्या इंटिग्रलवर नवा कोड तपासायला जाऊ नका. काही तपासलंच जात नाही, फक्त एक आकडा मिळतो.

कोड एवढाच:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
N = 10000
x = rng.random((N, 6))
f = x.sum(axis=1)**2
print(f.mean(), f.std(ddof=1)/np.sqrt(N))
```

पहिला आकडा उत्तराचा अंदाज, दुसरा त्याची प्रमाण त्रुटी. प्रदेशाचं घनफळ १ नसेल तर दोन्ही आकड्यांना घनफळानं गुणा. दुसऱ्याला गुणायचं बरेच जण विसरतात.

आता खरी अडचण: थांबायचं कधी?

मी सुरुवातीला सगळ्यांना सुचतो तोच नियम लावला होता. एकेक नमुना घ्यायचा, चालू सरासरी काढत जायची आणि ती आधीच्यापेक्षा ०.००१ हून कमी हलली की थांबायचं. कोड पटकन थांबायचा, मीही खूश. मग एकदा तोच कोड दुसऱ्या बीजानं चालवला, तर उत्तर पहिल्या दशांश स्थळापासूनच वेगळं. तिसऱ्यांदा चालवलं तर तिसरंच. दोन दिवस मी यादृच्छिक संख्यांच्या जनरेटरवर संशय घेत बसलो. जनरेटर ठणठणीत होता, माझा नियमच चुकीचा होता.

नवा नमुना सरासरीला किती ढकलतो ते पाहा: तो स्वतः सरासरीपासून जितका दूर, त्याच्या N व्या भागाइतका. आपल्या फलनाचं प्रमाण विचलन सुमारे ४.३ आहे. म्हणजे दहा हजाराव्या नमुन्यानं सरासरी साधारण ०.०००४ नं हलते. पण त्या क्षणी उत्तराची त्रुटी ४.३ भागिले १००, म्हणजे ०.०४३ आहे. शंभर पट! एक पाऊल लहान पडलं याचा अर्थ मुक्काम जवळ आला असा होत नाही. त्यातही एखादा नमुना योगायोगानं सरासरीच्या अगदी जवळ पडला की पाऊल जवळजवळ शून्य होतं आणि नियम तिथेच फसतो. या फलनावर तो बहुतेक वेळा पहिल्या दोनशे नमुन्यांतच थांबतो, आणि शंभर नमुन्यांवर त्रुटी ०.४३ असते. वापरणारा मात्र समजतो की उत्तर ०.००१ पर्यंत बरोबर आहे.

चालू सरासरीचा आलेख पाहून ‘आता स्थिरावली’ म्हणणं हीसुद्धा तीच चूक, जरा सभ्य वेशात. पाच हजारांवरची सरासरी आणि दहा हजारांवरची सरासरी यांत निम्मे नमुने सामाईक असतात, मग रेषा सपाट दिसणारच. ती चुकीच्या उंचीवरही तितकीच सपाट दिसते. मी तो आलेख आता काढतच नाही.

थांबायचं ते `s/√N` पाहून, जिथे s हे f च्या किमतींचं प्रमाण विचलन. नुसतं s नव्हे. नमुने कितीही वाढवले तरी s ४.३ च्या आसपासच राहतो, कारण तो फलनाचा गुण आहे. कमी होतो तो √N नं भागलेला आकडा. शंभर नमुन्यांवर ०.४३, दहा हजारांवर ०.०४३, दहा लाखांवर ०.००४३. एक जादा अंक हवा असेल तर काम शंभर पट. म्हणून आधी हजारभर नमुने घेऊन s काढा, हवी ती त्रुटी ठरवा आणि N चा हिशेब तिथेच करून टाका. ०.०१ हवी असेल तर (४.३/०.०१)² म्हणजे साधारण १,८५,०००. आणि ही हमी नव्हे: खरं उत्तर एका प्रमाण त्रुटीच्या आत साधारण ६८ टक्के वेळाच सापडतं.

या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. तोच कोड वेगवेगळ्या नमुन्यांवर तीस वेळा चालवा आणि तीस उत्तरांचं प्रमाण विचलन काढा. ते ०.०४३ च्या जवळ यायला हवं. तिसांतून काढलेला हा आकडा स्वतःच दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो, तेवढं माफ. `default_rng` ची ओळ लूपच्या बाहेर ठेवा. आत ठेवलीत तर तीसही उत्तरं एकसारखी येतील आणि त्रुटी शून्य दिसेल. हसू नका, मी केलंय.

मग N शंभर, हजार, दहा हजार असा वाढवून लॉग-लॉग आलेखावर ही त्रुटी मांडा. रेषेचा उतार −१/२ आला पाहिजे.

न आल्यास फलनाकडे पाहा. एककगोलाच्या धन अष्टमांशावर `1/(x²+y²+z²)` घ्या. इंटिग्रल सांत आहे, π/२ म्हणजे १.५७०८. पण फलनाचा वर्ग घेतला की इंटिग्रल अनंत होतो, म्हणजे व्हेरिअन्सच अनंत. घनात नमुने टाकून हा काढलात (गोलाबाहेर फलन शून्य) तर s स्थिर होत नाही. मूळबिंदूजवळ एखादा नमुना पडला की तो उडी मारतो, आणि N सोबत एकंदर वाढतच जातो. अशा वेळी `s/√N` छापला जाईल, पण त्याला अर्थ नाही. प्रत्यक्ष त्रुटी N^(−१/३) च्या गतीनं घटते, म्हणजे एका अंकासाठी हजार पट काम.

इथे नमुने वाढवून काही साधत नाही, चल बदला. गोलीय निर्देशकांत येणारा r² छेदातल्या r² ला खाऊन टाकतो आणि मागे उरतो फक्त `sin θ`. r ० ते १, दोन्ही कोन ० ते π/२, घनफळ π²/४. आता घनफळानं गुणलेलं प्रमाण विचलन ०.७६ वर थांबतं, दहा हजार नमुन्यांत त्रुटी ०.००७६ येते, आणि उतार पुन्हा −१/२.